चोरीचा आळ, एक खटला, एक चौकशी: या चुका टाळा

चोरीचा आळ आलेला कामगार माझ्याकडे येतो तेव्हा बहुतेक वेळा पहिलं वाक्य एकच असतं: "साहेब, केस कोर्टात आहे ना, मग चौकशीला कशाला जायचं? सुटलो की घेतीलच कामावर." हे वाक्य ऐकून ऐकून माझे कान किटलेत. कोर्टातून सुटलं की नोकरी परत, असा कायदा नाही.

एका स्टोअरकीपरचं उदाहरण घ्या. त्याच्या गाडीच्या डिकीत तांब्याच्या केबलचं बंडल सापडलं असा आरोप. मालकाने पोलिसांत तक्रार दिली आणि खातेनिहाय चौकशीही लावली. हा गडी चौकशीच्या एकाही तारखेला गेला नाही. चौकशी एकतर्फी चालली. गेटवरच्या वॉचमनने जबाब दिला, स्टॉक रजिस्टर दाखल झालं, उलटतपासणी घेणारं कुणी नव्हतं. बडतर्फ. पुढे फौजदारी खटल्यात दोन्ही पंच फितूर झाले, संशयाचा फायदा मिळाला, सुटला. निकालाची प्रत घेऊन नाचत आला! पण फौजदारी कोर्टात गुन्हा संशयापलीकडे सिद्ध व्हावा लागतो आणि चौकशीत 'असं घडलं असण्याची शक्यता जास्त' एवढं पुरतं. शिवाय त्याची सुटका पंच उलटल्यामुळे झाली होती. चौकशी उभी होती वॉचमन आणि रजिस्टरवर, आणि त्या दोघांना कुणी हातच लावला नव्हता. खरं तर गेटच्या वाहन नोंदवहीत त्या दिवशी त्याच्या गाडीचा नंबरच नव्हता. वॉचमनला एवढा एक प्रश्न विचारला असता तर चौकशीचा रंग बदलला असता. बडतर्फीला आव्हान देताना हा मुद्दा काढला, तर समोरून पहिला प्रश्न आला: संधी होती तेव्हा कुठे होतात?

आता लोक मला कॅप्टन पॉल अँथनींचा निकाल दाखवतात. तो 1999 चा, सर्वोच्च न्यायालयाचा. भारत गोल्ड माइन्सच्या या सुरक्षा अधिकाऱ्याच्या घरावर छापा पडला होता. चौकशी एकतर्फी झाली, बडतर्फी झाली, मग खटल्यात ते सुटले आणि कोर्टाने त्यांना परत कामावर घ्यायला लावलं. पण निकाल शेवटपर्यंत वाचा की! तिथे दोन्हीकडे तोच छापा, तीच जप्ती, तेच साक्षीदार होते, आणि छाप्यात काही सापडलं हेच खटल्यात शाबीत झालं नाही. शिवाय निलंबनात निर्वाह भत्ता न दिल्याने त्यांना चौकशीला जाणं जमलं नव्हतं. तुमचे साक्षीदार वेगळे असतील किंवा सुटका निव्वळ संशयाच्या फायद्यावर असेल, तर हा निकाल फारसा कामाला येत नाही.

निर्वाह भत्त्याचा अर्ज पहिल्याच आठवड्यात लेखी द्या. कामगाराला पहिले 90 दिवस निम्मा पगार मिळतो. पुढे चौकशी त्याच्यामुळे लांबली नसेल तर 75 टक्के.

दुसरी चूक माझ्या डोक्यात जाते: माफीनामा. एचआरच्या केबिनमध्ये चार जण बसतात, "लिहून दे, इथेच मिटवू" म्हणतात आणि माणूस लिहून देतो. मिटत काहीच नाही. पोलिसांपुढची कबुली फौजदारी कोर्टात पुरावा म्हणून चालत नाही, पण मालकाला स्वखुशीने लिहून दिलेलं पत्र दोन्हीकडे वापरता येतं. दबावाखाली लिहिलं असेल तर त्याच दिवशी तसं लेखी कळवा. सहा महिन्यांनी आठवलेला दबाव कुणी मानत नाही. पोलिसांनी घेतलेली कबुली चौकशीत नुसती जोडली असेल तर मात्र धीर सोडू नका. रूपसिंग नेगी या बँक कर्मचाऱ्यावर ड्राफ्टबुक चोरल्याचा आरोप होता. चौकशीत अशा कबुलीपलीकडे धड पुरावा नव्हता, साक्षीदारांनी कागद फक्त दाखल केले, शाबीत कुणीच केले नाहीत. सर्वोच्च न्यायालयाने 2008 मध्ये ती बडतर्फी टिकू दिली नाही.

"मग चौकशीला स्टे आणू" हा आणखी एक शॉर्टकट. दोन्ही कारवाया एकाच वेळी चालू शकतात. आरोप गंभीर असेल, तथ्यं तीच असतील आणि त्यात गुंतागुंतीचे प्रश्न असतील तरच स्टेचा विचार होतो. खटला रेंगाळला तर तोही उठतो. माझी पद्धत वेगळी. आरोपपत्राला उत्तर थोडक्यात, आरोप नाकारून द्यायचं. उलटतपासणी कसून घ्यायची. स्वतःची सगळी कहाणी मात्र चौकशीत सांगायची नाही, कारण तिथलं प्रत्येक वाक्य सरकारी वकिलाच्या हाती पडू शकतं. काही वकिलांना हे पटत नाही. असो.

घाबरून राजीनामा देऊ नका. त्याने खटला थांबत नाही.

चौकशीत सुटलात म्हणून खटलाही आपोआप संपत नाही. चौकशी अधिकाऱ्याने तोच आरोप गुणवत्तेवर खोटा ठरवला असेल, तर तो अहवाल घेऊन उच्च न्यायालयात खटला रद्द करून मागता येतो, एवढंच. आणि शिक्षा झाली तर? सरकारी नोकराला घटनेच्या कलम 311 खाली चौकशीशिवायही बडतर्फ करता येतं. तिथे "अपील केलंय, शिक्षेला स्थगिती आहे" हे उत्तर पुरत नाही. शिक्षा थांबली तरी दोषी ठरवणारा निकाल कायमच असतो, त्यामुळे अपिलात त्या निकालालाच स्थगिती मागणारा वेगळा अर्ज द्यावा लागतो.