वरच्या मजल्यावर वायफायची रेंज येत नाही? अँटेना आणि पॉवरच्या या चुका टाळा

राऊटर खालच्या हॉलमध्ये, टीव्हीच्या शेजारी. वरच्या बेडरूममध्ये जेमतेम दोन काड्या, आणि व्हिडिओ कॉल सुरू झाला की समोरचा म्हणतो, ‘तुझा आवाज तुटतोय.’ अशा घरांत उपायही ठरलेला असतो. राऊटरच्या सगळ्या अँटेना छताकडे रोखायच्या आणि सेटिंगमध्ये जाऊन ट्रान्समिट पॉवर जास्तीत जास्त करायची. यातला पहिला उपाय बरेचदा उलटा पडतो. दुसऱ्याने काड्या वाढतात, पण कॉल तुटायचा तो तुटतोच.

उदाहरणासाठी आपल्याकडचं नेहमीचं रो-हाऊस घेऊ. खाली पुढे हॉल, मागे स्वयंपाकघर, मध्ये जिना. वर हॉलच्या डोक्यावर बेडरूम आणि स्वयंपाकघराच्या डोक्यावर मागची खोली. दोन मजल्यांमध्ये पाच-सहा इंचांचा आरसीसी स्लॅब, आत सळयांची जाळी. राऊटर हॉलच्या पुढच्या भिंतीला टेकवलेला, त्याला फिरणाऱ्या दोन अँटेना.

न मोजता अँटेना फिरवणं

काड्यांवर विसंबू नका. किती सिग्नलला किती काड्या दाखवायच्या, हे प्रत्येक फोन आपापल्या पद्धतीने ठरवतो. खरा आकडा डीबीएममध्ये असतो आणि तो नेहमी उणे असतो; शून्याच्या जितका जवळ, तितका सिग्नल चांगला. उणे ५५ म्हणजे उत्तम, उणे ६७ च्या आसपास व्हिडिओ कॉल नीट चालतो, उणे ७५ च्या खाली रडगाणं सुरू. अँड्रॉइडवर कुठलंही वायफाय अॅनालायझर अॅप हा आकडा दाखवतं. आयफोनवर अॅपलचं एअरपोर्ट युटिलिटी हे अॅप घेऊन, फोनच्या सेटिंगमध्ये त्याचा वायफाय स्कॅनर चालू करावा लागतो.

मोजताना फोन दर वेळी त्याच जागी, त्याच पद्धतीने धरा आणि अर्धा मिनिट थांबा. अँड्रॉइड ९ पासून अॅपला दोन मिनिटांत चारच स्कॅन करता येतात. त्यामुळे अँटेना हलवली आणि लगेच पाहिलं, तर बऱ्याचदा जुनाच आकडा दिसतो. नुसतं अंग वळवलं तरी तीन-चार डीबीचा फरक पडतो, म्हणून तेवढ्या फरकाला सुधारणा म्हणायचं नाही. २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ या वायफायच्या दोन बँडचे आकडे वेगवेगळे लिहून ठेवा. स्लॅब ५ गिगाहर्ट्झला जास्त अडवतो.

अँटेनाचं टोक वरच्या खोलीकडे रोखणं

टोकातून सिग्नल बाहेर फेकला जातो, असं वाटणं साहजिक आहे. पण राऊटरची दांडीसारखी अँटेना टोकाच्या दिशेनेच सगळ्यात कमी सिग्नल देते. मेदूवड्याच्या भोकातून काडी घातली, तर काडी म्हणजे अँटेना आणि वडा म्हणजे तिचा सिग्नल. सिग्नल काडीच्या चारही बाजूंना पसरतो, काडीच्या दोन्ही टोकांना मात्र भोक. अँटेना सरळ उभी असेल, तर खालचा मजला छान भरतो आणि नेमकी राऊटरच्या डोक्यावरची बेडरूम त्या भोकात येते. तिथे जो काही सिग्नल मिळतो, तो बराचसा भिंतींवर आपटून आणि जिन्यातून वळून आलेला.

उपाय सोपा आहे: एक अँटेना उभीच ठेवा, दुसरी आडवी पाडा. पण आडवी कुठल्या दिशेला पाडायची, हे बहुतेक जण बघत नाहीत आणि घोळ तिथेच होतो.

आपल्या घरात आडवी अँटेना मागच्या बाजूला, म्हणजे टोक स्वयंपाकघराकडे करून ठेवली, तर तिचं भोक मागच्या खोल्यांच्या दिशेला येतं. बेडरूमचा आकडा सुधारतो, मागच्या खोलीचा सुधारत नाही किंवा घसरतो. तीच अँटेना पुढच्या भिंतीला समांतर, डावी-उजवीकडे आडवी केली, तर तिचा सिग्नल वरही जातो आणि मागेही. भोक जातं शेजाऱ्यांच्या सामाईक भिंतींकडे, आणि तिथे आपल्याला काही नकोच आहे. अशा घरात बेडरूममध्ये ५ गिगाहर्ट्झचा आकडा उणे ७४ वरून उणे ६८ च्या आसपास यावा, मागची खोली उणे ७५-७६ वर जवळपास तशीच राहावी, इतकी अपेक्षा वाजवी आहे. सहा डीबी म्हणजे चौपट सिग्नल, तोही फुकट. याहून जास्त चमत्काराची वाट पाहू नका.

आडवी केल्यावर काहीच बदललं नाही तर? चार अँटेनांच्या राऊटरमध्ये अनेकदा दोन अँटेना २.४ च्या असतात आणि दोन ५ च्या, आणि बाहेरून त्या सारख्याच दिसतात. तुम्ही दोन्ही २.४ च्या पाडल्या असतील, तर ५ चा आकडा हलणार नाही. एक-एक अँटेना पाडून दोन्ही आकडे बघितले की कुठली कुठल्या बँडची ते कळतं. मग प्रत्येक बँडची एक उभी, एक आडवी. फायबरवाल्याने दिलेल्या डब्याला बाहेर अँटेनाच नसतील, तर फिरवायचा तो डबाच: उभा, आडवा, भिंतीपासून हातभर पुढे, आणि दर वेळी मोजायचं.

याच चुकीचा महागडा अवतार म्हणजे ५ डीबीआयच्या अँटेना काढून ९ डीबीआयच्या बसवणं. जास्त डीबीआय म्हणजे जास्त ताकद नव्हे. तोच सिग्नल आणखी चपटा होऊन दूरवर पसरतो. एकमजली लांबलचक घराला ते चालेल. दोन मजल्यांना उभ्या लावल्या तर वर उरलासुरला सिग्नलही जातो.

आणि जागा बदलता येत असेल, तर कोन नंतर बघा. राऊटर टीव्हीच्या मागून काढून जिन्याच्या तोंडाशी, उंचावर नेला, की काँक्रीट चुकवून वर जायला सिग्नलला उघडी वाट मिळते. तिरका निघालेला सिग्नल स्लॅबवरून जास्त परावर्तित होतो, शिवाय त्याला मधल्या भिंतीही लागतात. म्हणून घराच्या एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यातली वरची खोली गाठणं सगळ्यात कठीण.

पॉवर वाढवून कॉल सुधारेल असं समजणं

वायफाय हे दोघांचं बोलणं आहे. राऊटर फोनला ऐकू जायला हवा, तसा फोनही राऊटरला ऐकू जायला हवा. ट्रान्समिट पॉवर वाढवली की फक्त राऊटरचा आवाज मोठा होतो, फोनचा आहे तेवढाच राहतो. वर काड्या भरपूर, डाऊनलोड ठीक, पण अपलोड मेलेलं आणि कॉलवर तुमचाच आवाज तुटतोय: ही लक्षणं दिसली, तर दुखणं फोनकडून राऊटरकडे येणाऱ्या वाटेत आहे.

राऊटरवर ओपनडब्ल्यूआरटी हे मुक्त सॉफ्टवेअर घातलेलं असेल, तर हे आकड्यांत पाहता येतं. राऊटरला तुमचा फोन किती ऐकू येतो, ते ही आज्ञा सांगते (`wlan0` च्या जागी तुमच्या रेडिओचं नाव घाला, ते `iw dev` ने कळतं):

```
iw dev wlan0 station dump
```

उत्तरातली `signal` ही ओळ बघा. समजा, बेडरूममध्ये फोन राऊटरला उणे ६८ ऐकतोय आणि राऊटर फोनला उणे ७६. वाटेतली घट दोन्ही दिशांना जवळपास सारखीच असते, म्हणजे मधली आठ डीबीची तफावत दोघांच्या पॉवरमधली आहे. आता राऊटरची पॉवर आणखी तीन डीबीने, म्हणजे दुप्पट केली, तर फोनवर उणे ६५ दिसेल. राऊटरला मात्र फोन उणे ७६ च ऐकू येईल. तफावत अकरा झाली, कॉल होता तिथेच.

अँटेनाचा कोन बदलल्याने मात्र दोन्ही आकडे एकदम सुधारतात, कारण जी अँटेना त्या दिशेला चांगलं बोलते, ती त्या दिशेकडून चांगलं ऐकतेही. म्हणून आधी जागा, मग कोन, आणि पॉवरला हात सगळ्यात शेवटी.

पॉवर वाढवण्यासाठी राऊटरच्या `Region` मध्ये दुसराच देश निवडायचा सल्लाही फिरत असतो. तो ऐकू नका. २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ आपल्याकडे परवान्याशिवाय वापरता येतात, ते इथल्या पॉवरच्या मर्यादा पाळून. शिवाय अमेरिका निवडलीत, तर २.४ चे १२ आणि १३ हे चॅनेल सहसा गायबच होतात.

वर दुसरा राऊटर लावला, तरी खालची पॉवर तशीच ठेवणं

आडव्या अँटेनानंतरही मागची खोली उणे ७५ च्या खालीच राहिली, तर तिथपर्यंत केबल ओढून वर दुसरा राऊटर अॅक्सेस पॉइंट म्हणून लावणं हाच मार्ग. पण मग नवी तक्रार येते: ‘वर राऊटर लावला, तरी फोन खालचाच धरून बसतो.’ कुठल्या राऊटरला जोडायचं, हे फोन ठरवतो. अॅपलच्या म्हणण्यानुसार आयफोन सध्याचा सिग्नल उणे ७० च्या खाली गेल्याशिवाय दुसरा शोधायलाच लागत नाही, आणि शोधल्यावरही नवा किमान ८ डीबीने सरस हवा. तुम्ही बेडरूममध्ये खालच्या राऊटरचा सिग्नल उणे ६८ वर आणून ठेवलाय, मग फोन कशाला हलेल?

इथे पॉवर कमी करायची. खालचा राऊटर २० डीबीएमवर, म्हणजे १०० मिलिवॅटवर असेल, तर तो १४ वर आणा. बेडरूममध्ये तो उणे ७४ दिसेल आणि फोन वरचा शोधू लागेल. पाडलेली अँटेनाही आता परत उभी करा. खालच्या राऊटरने वर जायची गरज उरलेली नाही. ओपनडब्ल्यूआरटीवर पॉवर अशी उतरवा:

```
uci set wireless.radio1.txpower='14'
uci commit wireless
wifi reload
```

`radio1` हा ५ गिगाहर्ट्झचा आहे की २.४ चा, ते `uci show wireless` मध्ये आधी बघून घ्या. साध्या राऊटरमध्ये आकडा नसतो, `Transmit Power` समोर `High`, `Middle`, `Low` असे तीनच पर्याय असतात. `Middle` पासून सुरुवात करा. २.४ ची पॉवर ५ पेक्षा पाच-सहा डीबीने कमी ठेवली, की फोन ५ कडे वळण्याची शक्यता वाढते. दोन्ही राऊटरचं २.४ चं चॅनेल वेगळं ठेवा: एकाचं १, दुसऱ्याचं ६ किंवा ११.

पॉवर कमी केल्यावर पहिली फेरी स्वयंपाकघरात आणि अंगणात मारा. तिथे उणे ६७ च्या आत असेल तर ठीक. नसेल तर दोन डीबीने वर या. मग कॉल चालू ठेवून जिना चढा. जिन्याच्या मधल्या वळणावर कॉल क्षणभर अडखळून सावरला, तर फोनने राऊटर बदलला. वर पोहोचेपर्यंत आवाज खराब होत गेला आणि तसाच राहिला, तर तो अजून खालच्यालाच चिकटला आहे. आणखी दोन-तीन डीबी उतरवा.