समुद्र दिसतो, पण पश्चिमेची भिंत पाहिली का?

नागपूरहून मुंबईत नोकरीला येणारी मंडळी बहुतेक फेब्रुवारी ते मे या काळात घर शोधतात, आणि घोळ तिथेच होतो. तेव्हा भिंती वाळलेल्या असतात, मालकाने ताजा रंग मारलेला असतो आणि खिडकीतून समुद्र दिसला की आपली माणसं बाकी काही पाहतच नाहीत. आपल्याकडे पावसात गच्ची गळते. इथे जूनपासून नैऋत्येचा वारा पाऊस आडवा मारतो, त्यामुळे पश्चिमेची अख्खी भिंत पाणी पिते.

समजा, मार्चमध्ये चौथ्या मजल्यावरचा पश्चिममुखी फ्लॅट पाहताय. बेडरूमच्या तीन भिंती जुन्या रंगाच्या आणि समुद्राकडची एकच नवीन रंगवलेली असेल, तर तिथेच थांबा. मोबाइलचा टॉर्च भिंतीला टेकवून उजेड आडवा पाडा. समोरून गुळगुळीत दिसणाऱ्या रंगाखालचे फुगवटे आणि जुन्या पोपड्यांच्या कडा लगेच उठून दिसतात. मग बोटाच्या पेराने ठोकत जा. पोकळ आवाज आला तर गिलावा विटांपासून सुटलाय. खिडकीचे खालचे दोन कोपरे आणि बीमखालची सांध्याची रेघ जास्त नीट पाहा, पाणी आधी तिथूनच आत येतं. भिंतीला कपाट टेकवलेलं असेल तर सरकवायला सांगा. ब्रोकर कुरकुर करेल, करू द्या.

आता सापडलेला डाग कोरडा आहे की ओला, हे महत्त्वाचं. मार्चमध्ये कोरडा असून बोटाला पांढरी भुकटी लागत असेल, तर ते पावसाच्या पाण्याने आणलेले क्षार, म्हणजे लोणा. समुद्राकाठी त्यात खारट वाऱ्याचं मीठही मिसळतं. हवेतली आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतलं पाणी ओढून पाझरायला लागतं. म्हणून अशी भिंत पाऊस नसलेल्या दिवशीही ओली दिसते आणि तिच्यावर आतून मारलेला वॉटरप्रूफ रंग टिकत नाही. पाणी बाहेरून येत असताना आतला थर फक्त फुगतो. काम बाहेरून व्हायला हवं: भेगा भरणं, गिलावा, मग बाहेरचा रंग. मालक 'यंदा आतून डॅम्पप्रूफ मारलंय' म्हणाला, तर बाहेरून काय केलं ते विचारा.

मार्चमध्येच डाग ओला लागला तर तो बहुधा पावसाचा नाही, कारण पाऊस जाऊन महिने झालेत. भिंतीपलीकडे किंवा वर बाथरूम आहे का, पाण्याचा पाइप जातो का, ते पाहा. सोसायट्यांच्या आदर्श उपविधींप्रमाणे बाहेरच्या भिंतीची आणि सामाईक पाइपची गळती सोसायटीने दुरुस्त करायची असते. वरच्याच्या संडास-बाथरूममधून किंवा सिंकमधून येणारी त्या फ्लॅटमालकाने. या दुसऱ्या प्रकारात दोन मालकांची भांडणं वर्षभर चालतात आणि ओलीत झोपतो भाडेकरू. असं घर सोडाच.

स्लायडिंग खिडकीच्या खालच्या पट्टीत एक मग पाणी ओता. बाहेरच्या बाजूच्या छोट्या भोकांतून ते निघून गेलं पाहिजे. साचून राहिलं तर भोकं धुळीने किंवा सिलिकॉनने बुजलीत. पावसात वारा तेच पाणी आत ढकलेल. भोकं बुजली असतील तर ती मोकळी करणं सोपं आहे, त्यावरून घर नाकारू नका. बाहेरचा कडप्पा आतल्या बाजूला उतरता असेल तर मात्र ते मोठं काम आहे.

छतावर सरळ रेघेत भेगा आणि तांबूस डाग दिसले तर सळ्या गंजल्यात. गंज सळईपेक्षा जास्त जागा घेतो, काँक्रीट फोडतो आणि तुकडे खाली पडतात. भाडं कितीही कमी असो, नको.

आणि पुन्हा सांगतो, कारण दरवर्षी कुणीतरी इथेच पैसे घालवतो: कोरड्या दिवसांत पाहिलेल्या घरावर ११ महिन्यांचा लॉक-इन लिहून देऊ नका. पावसात गळती झाली आणि लेखी कळवल्यावर ठरलेल्या मुदतीत दुरुस्ती झाली नाही, तर लॉक-इन लागू राहणार नाही आणि डिपॉझिट पूर्ण परत मिळेल, हे करारातच लिहून घ्या. किल्ली मिळेल त्याच दिवशी प्रत्येक भिंतीचे फोटो मालकाला पाठवा. नाहीतर घर सोडताना मालक तुमच्याच डिपॉझिटमधून भिंत रंगवतो.

कूलर नागपुरातच ठेवून या. तो कोरड्या हवेत गारवा देतो. इथे नुसती ओल वाढवतो आणि कपाटाच्या मागे काळी बुरशी धरते. कपाट बाहेरच्या भिंतीपासून निदान चार बोटं लांब ठेवा, आणि शक्य असेल तर ते मधल्या, आतल्या भिंतीलाच लावा.