कोर्सची फी कंपनीने भरावी, यासाठी मॅनेजरपुढे हिशोब कसा मांडावा

"सर, हा कोर्स केला तर माझं स्किल वाढेल, पुढे करिअरला उपयोग होईल." या वाक्यावर बहुतेक मॅनेजर "बघू" म्हणतात आणि विषय तिथेच थांबतो. त्यांना तुमचं भलं नको असतं असं नाही. हे पैसे त्यांच्या खिशातले नसतात आणि प्लांट हेडने किंवा फायनान्सने विचारलं, की त्यांनाही उत्तर द्यावं लागतं. "पोराचं करिअर होईल" हे उत्तर तिथे देता येत नाही. तेव्हा वर सांगता येईल असं कारण तुम्हीच त्यांच्या हातात द्यायचं.

हे कसं करायचं ते एका उदाहरणातून पाहू. चाकणजवळ वाहनांचे सुटे भाग जोडणारी एक मध्यम कंपनी आहे असं समजा. मेंटेनन्समधल्या एका इंजिनिअरला पीएलसीचा, म्हणजे मशीन आपोआप चालवणाऱ्या पॅनेलमधल्या कंट्रोलरचा, पाच दिवसांचा कोर्स करायचा आहे. फी २५,००० रुपये, वर जीएसटी. पुढचे सगळे आकडे समजुतीसाठी धरलेले आहेत. त्यांच्या जागी तुमच्या कंपनीचे घाला, रीत तीच राहील.

१. माहितीपत्रक बाजूला ठेवा, ब्रेकडाउन रजिस्टर उघडा

कोर्समध्ये काय शिकवतात यापेक्षा कंपनीचे पैसे आत्ता कुठे जाताहेत हे आधी शोधा. आपल्या इंजिनिअरने वर्षभराचं ब्रेकडाउन रजिस्टर चाळलं. कंट्रोल पॅनेलच्या बिघाडासाठी बाहेरचा सर्व्हिस इंजिनिअर १४ वेळा बोलवावा लागला होता. एका व्हिजिटचे सरासरी ६,००० रुपये. ही बिलं अकाउंट्सकडे असतात, तिथून खात्री करून घ्या. फोन केल्यापासून माणूस पोचेपर्यंत मशीन सरासरी पाच तास उभं राहत होतं.

तुमचं खातं वेगळं असेल तर रजिस्टरही वेगळं असेल. क्वालिटीत रिजेक्शनचा रिपोर्ट असतो, परचेसमध्ये बाहेर दिलेल्या कामाच्या ऑर्डर्स, अकाउंट्समध्ये कन्सल्टंटची बिलं. ज्या कामासाठी कंपनी आज बाहेरच्याला पैसे देते किंवा ज्यामुळे काम अडून राहतं, अशी नोंद शोधा. ती सापडलीच नाही तर हा कोर्स कंपनीपेक्षा तुमच्याच कामाचा असण्याची शक्यता आहे. तसं असेल तर फी स्वतः भरा आणि कंपनीकडे फक्त रजा मागा. ती मागणी मान्य होणं सोपं असतं.

२. कोर्समुळे खरोखर काय सुटेल ते वेगळं काढा

बहुतेक प्रस्ताव इथे कच्चे राहतात. १४ बिघाडांचा सगळा खर्च वाचेल असं लिहिलं, तर अनुभवी मॅनेजरला ते पटत नाही आणि मग बाकीच्या आकड्यांवरही त्यांचा विश्वास बसत नाही.

एकेक नोंद वाचा आणि सर्व्हिस इंजिनिअरने शेवटी काय केलं ते पाहा. आपल्या उदाहरणात आठ वेळा कारण साधं निघालं. कुठे सेन्सरची वायर तुटली होती, कुठे सिलिंडरवरचा रीड स्विच सरकला होता, कुठे टायमरची वेळ बदलायची होती. ऑपरेटरच्या दृष्टीने मशीन "हँग" झालेलं असतं. पण लॅपटॉप जोडून पीएलसीमधला लॅडर प्रोग्रॅम वाचता येणाऱ्याला कोणता इनपुट येत नाही ते थोड्या वेळात दिसतं. पाच दिवसांच्या कोर्समध्ये एवढं नक्की शिकता येतं.

दोन वेळा पीएलसीचं कार्डच जळालं होतं. त्याला कोर्स काही करू शकत नाही. उरलेल्या चार वेळा प्रोग्रॅममध्ये बदल हवा होता आणि तो मशीन बनवणाऱ्याच्या पासवर्डने बंद होता. कितीही शिकलात तरी तो उघडणार नाही. म्हणून हे चार बिघाड हिशोबातून वगळा, पण प्रस्तावात त्यांचा उल्लेख ठेवा आणि पुढच्या मशीनच्या ऑर्डरमध्ये प्रोग्रॅमची प्रत आणि पासवर्ड मागून घ्यावा असं सुचवा. ही सूचना कंपनीला फुकट मिळते आणि तुम्ही विषयाच्या मुळापर्यंत गेला आहात हे मॅनेजरला कळतं.

आणखी एक खात्री याच वेळी करा. कोर्स ज्या ब्रँडच्या पीएलसीवर शिकवतात तोच ब्रँड तुमच्या मशीनवर आहे का? पॅनेल उघडून पाहा. ब्रँड वेगळा असेल तर तत्त्व समजेल, पण सॉफ्टवेअर नवं पडेल आणि परत आल्यावर पहिल्याच बिघाडाला अडायला होईल.

३. वाचणारी रक्कम काढा आणि निम्मी करा

आठ व्हिजिटचे ४८,००० रुपये. हा आकडा सरळ आहे.

मशीन उभं राहिल्याचा खर्च काढताना सांभाळा. त्या तासांत किती माल बनला असता आणि त्याची विक्री किंमत किती, असा गुणाकार केला की फुगलेली रक्कम हाती येते. फायनान्सचा माणूस ती पहिल्याच नजरेत खोडतो. तो राहिलेला माल पुढे कसा भरून काढला, हे प्रॉडक्शनला विचारा. इथे तो रविवारी ओव्हरटाइम लावून काढला होता. म्हणजे कंपनीचा जादा खर्च ओव्हरटाइमचा, आणि तो कायद्याने दुप्पट दराने द्यावा लागतो. आठ बिघाडांचे ४० तास, लाइनवर तीन कामगार, ओव्हरटाइमचा दर तासाला २२० रुपये, म्हणजे २६,४०० रुपये.

दोन्ही मिळून ७४,४०० रुपये. आता याचे निम्मे करा, ३७,२०० रुपये. कारण तुम्ही प्रत्येक शिफ्टला हजर नसणार, काही बिघाड तुम्हाला सुटणार नाहीत आणि पुढच्या वर्षी बिघाड तेवढेच होतील असंही नाही. निम्मे का केले ते प्रस्तावात लिहा. मॅनेजर स्वतः आकडा कमी करणारच असतात. तो तुम्ही आधीच केलेला दिसला, की बोलणं पुढे सरकतं.

४. खर्च पूर्ण लिहा

फी २५,०००. प्रोग्रॅमिंग केबल २,०००. येण्याजाण्याचे १,५००. महिन्याचा पगार ३९,००० धरला तर २६ दिवसांच्या हिशोबाने पाच दिवसांचे ७,५००. एकूण ३६,००० रुपये. पगार तसाही मिळणारच आहे, पण ते पाच दिवस तुम्ही कामावर नसता. ही किंमत लपवण्यापेक्षा दाखवलेली बरी.

जीएसटी वेगळा दाखवा. कोर्सचं बिल कंपनीच्या नावे आणि कंपनीचा जीएसटी नंबर घालून घेतलं, तर त्याचं इनपुट क्रेडिट सहसा घेता येतं, म्हणजे तो कर कंपनीला भरायच्या जीएसटीतून वजा होतो. अकाउंट्सला एकदा विचारून घ्या. स्वतःच्या नावाने फी भरून नंतर रिएम्बर्समेंट मागितलं तर ती सोय बहुधा हुकते. सॉफ्टवेअरचंही पाहा. काही ब्रँडचं सॉफ्टवेअर मोफत मिळतं, काहींच्या लायसन्सचा खर्च कोर्सच्या फीपेक्षा जास्त असू शकतो. इथे ते मोफत मिळतं असं धरलं आहे.

निम्म्या बचतीवरही ३६,००० रुपये वर्षाच्या आत सुटतात.

"यूट्यूबवर बघून शिक ना" हा प्रश्न येणारच, तेव्हा पर्यायांचं उत्तर तयार ठेवा. पीएलसीत हाताने वायरिंग करून, मुद्दाम बिघाड घालून तो शोधायचा सराव लागतो, आणि चालू लाइनवर तो करता येत नाही. एखादा स्वस्त पर्यायही स्वतःहून दाखवा. छत्रपती संभाजीनगरच्या इंडो जर्मन टूल रूमसारख्या सरकारी संस्था ऑटोमेशनचे कमी मुदतीचे कोर्स घेतात. तिथली फी आणि तारखा विचारून घ्या, आणि तरीही दुसरा कोर्स का निवडला ते एका ओळीत लिहा. कारण देता आलं नाही तर स्वस्तातलाच मागा.

५. मॅनेजरना जसाच्या तसा पुढे पाठवता येईल असा मेल लिहा

मेल एका पानाच्या आत ठेवा. संस्थेची माहिती आणि नोंदींचा तक्ता जोडून द्या. मजकूर साधारण असा:

> सर, मागच्या वर्षी पॅनेलच्या बिघाडासाठी बाहेरचा इंजिनिअर १४ वेळा आला. त्यांपैकी ८ बिघाड आपल्याला आत सोडवता आले असते. त्यांवर व्हिजिट आणि ओव्हरटाइम मिळून ७४,४०० रुपये गेले. पाच दिवसांच्या पीएलसी प्रशिक्षणाला सर्व धरून ३६,००० रुपये लागतील, जीएसटी वेगळा. निम्मीच बचत धरली तरी हा खर्च वर्षाच्या आत निघतो. उरलेल्या ६ बिघाडांवर याचा परिणाम होणार नाही, त्याची कारणं तक्त्यात दिली आहेत. माझ्या गैरहजेरीत सामान्य शिफ्टचे सहकारी काम पाहतील, त्यांच्याशी बोललो आहे. परत आल्यावर दोन शिफ्टच्या टेक्निशियनना बिघाड शोधण्याची पद्धत शिकवेन आणि तीन महिन्यांनी किती व्हिजिट टळल्या ते कळवेन. मंजुरी द्यावी ही विनंती.

"मलाही हे शिकायची इच्छा आहे" हे समोर बसून बोलताना जरूर सांगा. ते खरं आहे आणि मॅनेजरनाही आवडतं. मेलमध्ये मात्र कंपनीचाच हिशोब राहू द्या, कारण तो मेल तुम्हाला न ओळखणाऱ्या माणसापर्यंत जाणार आहे.

६. वेळ साधा

मार्च-एप्रिलमध्ये आर्थिक वर्ष बदलतं, त्यामुळे बऱ्याच कंपन्यांत जानेवारी-फेब्रुवारीत पुढच्या वर्षाचं बजेट ठरत असतं. तेव्हा मागितलं तर तुमचा कोर्स त्यात बसतो. गुणवत्तेचं आयएसओ ९००१ प्रमाणपत्र असलेल्या कंपनीला कलम ७.२ नुसार कामाला लागणारी क्षमता ठरवावी लागते आणि त्याचा पुरावा ठेवावा लागतो. म्हणूनच एचआरकडे ट्रेनिंग कॅलेंडर असतं. त्यात पीएलसीचा विषय आधीच लिहिलेला आणि वर्षभर राहून गेलेला असेल, तर तुमच्या मागणीने एचआरचं ऑडिटचं कामही होतं. मॅनेजरकडे जाण्याआधी हे विचारून या.

लाइन बंद पडलेली असताना किंवा महिनाअखेरच्या डिस्पॅचच्या गडबडीत हा विषय काढू नका. बिघाड दुरुस्त झाल्यावर दोन दिवसांनी काढा, तेव्हा सहा हजारांचं बिल त्यांच्या टेबलावर असतं.

७. "शिकून सोडून गेलास तर?"

हा प्रश्न रास्त आहे, त्यावर नाराज होऊ नका. टेक्निशियनना शिकवण्याचं आणि बिघाड शोधण्याच्या पायऱ्या लिहून ठेवण्याचं वचन हेच त्याचं चांगलं उत्तर आहे. कारण मग तुम्ही गेलात तरी काही ज्ञान कंपनीत राहतं. कंपनीने बाँड मागितला तर तो वाचून, आकडा बोलून घ्या. ३६,००० च्या खर्चासाठी एक वर्ष आणि दर महिन्याला कमी होत जाणारी परतफेड ही मागणी समजण्यासारखी आहे. दोन वर्षं आणि दीड लाख मागत असतील, तर खर्चाचा तक्ता पुढे ठेवून रक्कम त्याच्याशी जुळवायला सांगा. ते मान्य होत नसेल तर कोर्स स्वतःच्या खर्चाने करणं परवडतं.

नकारच आला, तर अडचण पैशांची आहे, वेळेची आहे की बचतीचा आकडा पटला नाही, एवढं विचारा. पैशांची असेल तर पुढच्या ट्रेनिंग कॅलेंडरमध्ये नाव घालून घ्या किंवा निम्मी फी सुचवा. वेळेची असेल तर शनिवार-रविवारची बॅच शोधा. आकडा पटला नसेल तर पुढचे तीन महिने प्रत्येक व्हिजिटचं कारण, लागलेले तास आणि बिलाची रक्कम स्वतः लिहून ठेवा आणि तोच मेल नव्या तक्त्यासह पुन्हा पाठवा.