शेवटची माफी पटते का? आधी 'नाही' शोधा

कादंबरीच्या शेवटी कुणी कुणाला माफ करत असेल, तर एक गोष्ट तपासा: माफ करणाऱ्याला 'नाही' म्हणणं खरोखर शक्य होतं का?

समजा, भावाने बहिणीची खोटी सही करून घर विकलं. वीस वर्षांनी तो मरणपंथाला लागतो, ती येते, त्याचा हात हातात घेते, दोघंही रडतात. ही माफी बहिणीने दिलेलीच नाही, आजारपणाने ती तिच्याकडून उकळली आहे. मरणाऱ्याला नकार कोण देणार?

आता आजारपण काढून टाका. भाऊ धडधाकट आहे आणि 'माझाही नाइलाज होता' हे पालुपद न लावता त्या सहीबद्दल नेमकं बोलतो. ती त्याला जेवायला वाढते, पण स्वतःच्या नव्या घराच्या कागदांवर साक्षीदार म्हणून त्याला घेत नाही. मला ही माफी पटते, कारण तिच्यात जखमेची आठवण शिल्लक आहे.

मग मागची पानं चाळा. बहिणीच्या संतापाला एक तरी पूर्ण प्रसंग मिळालाय का? तो 'ती फार दुखावली होती' एवढ्या वाक्यात उरकला असेल, तर दुरुस्ती शेवटच्या पानावर नव्हे, तिथे करा.