लँडाऊची रेघ स्ट्रॉन्शियम टायटनेटवर बसवताना या चुका टाळा

सलग होणारं स्ट्रक्चरल फेज ट्रान्झिशन शिकवायचं म्हटलं की फळ्यावर दोन ओळी येतात आणि वर्ग पुढे सरकतो:

```
F = (1/2) a (T − Tc) φ² + (1/4) b φ⁴
T < Tc असताना:  φ² = (a/b) (Tc − T)
```

लेव्ह लँडाऊने १९३७ मध्ये मांडलेली ही कल्पना इतकी सुटसुटीत आहे की गडबड समीकरणात होतच नाही. ती होते खऱ्या पदार्थाचे आकडे हातात आल्यावर. म्हणून इथे एकच पदार्थ घेऊ: स्ट्रॉन्शियम टायटनेट, SrTiO₃. खोलीच्या तापमानाला हा क्यूबिक पेरोव्हस्काइट असतो आणि १०५ K च्या सुमारास टेट्रागोनल होतो. पाठ्यपुस्तकांचं हे लाडकं उदाहरण. विद्यार्थ्यांचे आलेख सर्वात जास्त फसतात तेही याच्यावरच.

φ म्हणजे नक्की काय, हे न ठरवता सुरुवात करणं

टायटनेट म्हटलं की पुष्कळांच्या डोक्यात बेरियम टायटनेट येतं, आणि मग ते इथेही पोलरायझेशनलाच ऑर्डर पॅरामीटर, म्हणजे समीकरणातला φ, धरतात. स्ट्रॉन्शियम टायटनेटमध्ये १०५ K ला पोलरायझेशन निर्माण होतच नाही. तिथे फिरतात ते ऑक्सिजनचे ऑक्टाहेड्रॉन. प्रत्येक टायटॅनियमभोवतीचा सहा ऑक्सिजनचा पिंजरा एका अक्षाभोवती थोडा वळतो आणि शेजारचा पिंजरा उलट दिशेला वळतो, एकमेकांत अडकलेल्या दातेरी चाकांसारखा. हा वळण्याचा कोन म्हणजे φ. द्रव हेलियमच्या ४.२ K तापमानालाही तो जेमतेम २.१ अंश असतो.

दुसरा मोह आणखी साळसूद आहे. एक्स-रेवरून c/a सहज मिळतं, क्यूबिकमध्ये ते १ असतं आणि खाली बदलतं, मग तोच ऑर्डर पॅरामीटर का धरू नये? कारण पिंजरे डावीकडे वळले काय आणि उजवीकडे वळले काय, जाळी ताणली जाते सारखीच. c/a − १ हे φ च्या वर्गाच्या प्रमाणात असतं. त्याचा आलेख Tc खाली साधारण सरळ रेषेत वाढतो आणि फिट करणारा घातांक १ मिळाल्याचं लिहून मोकळा होतो. शिवाय हा ताण हजारात एका भागाहूनही कमी असतो, म्हणजे मोजायलाही अवघड.

हाच वर्ग डिफ्रॅक्शनमध्ये पुन्हा भेटतो. पिंजरे आळीपाळीने उलटे वळल्यामुळे युनिट सेल मोठा होतो आणि अर्ध्या अंकांवर नवे सुपरलॅटिस ठिपके उमटतात, उदाहरणार्थ (½ ½ 3/2). त्यांची तीव्रता φ² च्या प्रमाणात असते. φ हा (Tc − T)^β च्या प्रमाणात वाढतो असं धरलं, तर तीव्रतेवर फिट केलेला घातांक 2β असतो, β नव्हे.

या ठिपक्याची आणखी एक खोड आहे. क्रिस्टल थंड होताना कुठे x, कुठे y, तर कुठे z अक्षाभोवती वळणारे भाग तयार होतात, हे डोमेन. z अक्षाभोवती वळलेल्या डोमेनकडून (h k l) ठिपक्याला जो आयाम मिळतो, तो `k sin(πh) − h sin(πk)` च्या प्रमाणात असतो. h आणि k दोन्ही ½ असतील तर उत्तर शून्य. म्हणजे (½ ½ 3/2) या ठिपक्याला z डोमेन दिसतच नाही, फक्त x आणि y दिसतात. सॅम्पल एकदा गरम करून पुन्हा थंड केलं की डोमेनची वाटणी बदलते, आणि φ तसूभरही न हलता तीव्रता बदलते. दोन फेऱ्यांचे आकडे जुळत नसतील तर थर्मामीटरवर संशय घेण्याआधी (½ 3/2 ½) आणि (3/2 ½ ½) हेही मोजा. प्रत्येक डोमेन या तिघांपैकी दोघांत सारखंच दिसतं, त्यामुळे तिघांची बेरीज वाटणीवर अवलंबून राहत नाही.

सम घात का, याचं चुकीचं उत्तर

तोंडी परीक्षेत हमखास ऐकू येणारं उत्तर: "φ³ ची टर्म लहान असते म्हणून सोडली." लहान नाही, ती असूच शकत नाही. क्रिस्टल एका जुन्या युनिट सेलने बाजूला सरकवून पाहा. जिथे उजवीकडे वळलेला पिंजरा होता, तिथे आता डावीकडे वळलेला आला, म्हणजे φ चा −φ झाला. क्रिस्टल मात्र तोच, फक्त सरकलेला. सरकवल्याने फ्री एनर्जी बदलत नाही, म्हणून F(φ) आणि F(−φ) समान असायलाच हवेत. विषम घात तिथेच संपले.

हे उत्तर पाठ करून दुसऱ्या पदार्थाला चिकटवू नका. नेमॅटिक लिक्विड क्रिस्टलमध्ये ऑर्डर पॅरामीटरचं चिन्ह उलटलं की अवस्थाच वेगळी होते. तिथे घन टर्म येते आणि संक्रमण सलग राहत नाही. तुमच्या पदार्थात +φ ला −φ करणारी सिमेट्री कोणती, हे एका वाक्यात सांगता येत नसेल तर सम घातांची ओळ लिहिण्याचा अधिकार अजून मिळालेला नाही.

एक पुरवणी: खरं तर इथे φ ला तीन घटक आहेत, प्रत्येक क्यूबिक अक्षाला एक. चौथ्या घातात त्यामुळे दोन स्वतंत्र टर्म येतात, एक (φ₁²+φ₂²+φ₃²)² ची आणि दुसरी φ₁⁴+φ₂⁴+φ₃⁴ ची. दुसरीचा गुणक ऋण असेल तर वळण एकाच अक्षाभोवती राहतं, म्हणजे स्ट्रॉन्शियम टायटनेट. धन असेल तर तिन्ही अक्षांभोवती सारखं वळण येऊन रचना ऱ्हॉम्बोहेड्रल होते. लँथॅनम अल्युमिनेट तसं वागतं. वरचं एका φ चं समीकरण ही निवड झाल्यानंतरचं आहे.

सगळ्या तापमानांवर एकच रेघ ओढणं

ही सर्वात महागात पडणारी चूक, कारण इथे उत्तर चुकतं आणि तरी छान दिसतं.

दोनच बिंदू घेऊ. द्रव नायट्रोजनच्या ७७ K ला कोन सुमारे १.४ अंश, आणि ४.२ K ला २.१ अंश. वर्ग केले की १.९६ आणि ४.४१. φ² विरुद्ध T ची सरळ रेषा या दोन बिंदूंतून ओढली तर उतार प्रत्येक केल्व्हिनला सुमारे ०.०३४ येतो आणि रेषा शून्याला भिडते १३५ K ला. खरं Tc १०५. तीस केल्व्हिनची चूक, तीही एका डिग्रीच्या अचूकतेने मोजलेल्या तापमानांवरून!

आता Tc १०५ वर बांधून ठेवा आणि रेषा ७७ K च्या बिंदूतून न्या. शून्य केल्व्हिनला कोन सुमारे २.७ अंश यायला हवा. प्रत्यक्षात तो २.१ वरच थांबतो. इथे बरेच जण घातांक मोकळा सोडतात. φ = २.१ × (१ − T/Tc)^β घेऊन ७७ K चा बिंदू बसवला की β ०.३१ येतो. मग आनंदच आनंद, कारण के. ॲलेक्स म्युलर आणि बर्लिंगर यांनी १९७१ मध्ये इलेक्ट्रॉन पॅरामॅग्नेटिक रेझोनन्सने हाच कोन मोजून β जवळजवळ १/३ असल्याचं दाखवलं होतं. (हे तेच म्युलर, ज्यांना पुढे उच्च तापमानाच्या सुपरकंडक्टरसाठी १९८७ चं नोबेल मिळालं.) पण त्यांचा १/३ हा Tc च्या लगतचा आहे, साधारण वरच्या दहा टक्क्यांतला, जिथे φ चे चढउतार इतके मोठे होतात की लँडाऊचा सरासरीचा हिशोब कोलमडतो. आपला ०.३१ आला तो दुसऱ्याच टोकामुळे: शून्याजवळ कोन वाढायचा थांबला म्हणून. दोन वेगळी कारणं, आकडा योगायोगाने शेजारचा.

शून्याजवळ काय होतं? उष्णतागतिकीचा तिसरा नियम सांगतो की T शून्याकडे जाताना φ(T) चा उतारही शून्य व्हायला हवा. लँडाऊची साधी रेघ शून्यावर तिरपीच आदळते, कारण a(T − Tc) मधला T अभिजात आहे. अणूंची शून्यबिंदू हालचाल धरली की त्या जागी हे येतं:

```
a θs [ coth(θs/T) − coth(θs/Tc) ]
```

θs हे पदार्थाचं स्वतःचं एक तापमान. T आणि Tc दोन्ही त्याहून बरेच मोठे असताना हे पुन्हा a(T − Tc) च होतं, आणि T शून्याकडे गेलं की स्थिर होतं. आपल्या दोन बिंदूंवरून θs साधारण ६५ K निघतं. म्हणजे सपाटपणा अगदी तळाशी नसतो. तापमान θs च्या आसपास येतं तेव्हाच वक्र रेघेपासून सुटायला लागतो, आणि ७७ K तर त्याच्या उंबरठ्यावरच आहे.

ओळखायचं कसं? φ विरुद्ध T काढू नका, φ² विरुद्ध T काढा. Tc लगत बिंदू रेघेच्या खाली घसरतात ते चढउतारांमुळे, तळाशी ते आडवे होतात ते शून्यबिंदू हालचालीमुळे. a/b काढायचा तो मधल्या सरळ पट्ट्यातून. तो पट्टा दिसलाच नाही, तर साध्या लँडाऊचे गुणक छापू नका. फिटची खालची सीमा दहा-दहा केल्व्हिनने वर सरकवून Tc पुन्हा काढा. Tc सीमेबरोबर पळत असेल तर रेघ अजून वाकड्या भागावर बसते आहे.

ताण विसरून b ची तुलना करणं

एका लेखातून b घ्यायचा, दुसऱ्यातून a, आणि उष्माधारकतेतली उडी जुळत नाही म्हणून डोकं धरायचं. आधी बघा की दोघांनी ½ आणि ¼ हे गुणक सारखेच लिहिले आहेत का. निम्म्या तक्रारी तिथेच मिटतात.

उरलेल्या ताणामुळे असतात. φ² जाळीच्या ताणाशी जोडलेला आहे, म्हणून समीकरणात `− g e φ² + (1/2) C e²` ही भर पडते; g ही जोडणीची ताकद, C जाळीची ताठरता. क्रिस्टल मोकळा असेल तर ताण e = gφ²/C इतका स्वतःच ठरतो. तो परत घातला की रूप तेच राहतं, पण b च्या जागी `b* = b − 2g²/C` येतो. मोकळ्या क्रिस्टलवर मोजलेली कोणतीही गोष्ट b* देते. Tc ला उष्माधारकतेची उडी `a² Tc / (2b*)` असते आणि सुप्त उष्णता शून्य. जोडणी इतकी तगडी असेल की b* ऋण झाला, तर संक्रमण सलग राहत नाही आणि φ⁶ ची टर्म घ्यावीच लागते. ती आधी घेऊन मग b च्या चिन्हाचा विचार करणं म्हणजे उलटा कारभार.

पातळ फिल्ममध्ये चित्र पुन्हा बदलतं. तळाचा सब्स्ट्रेट पृष्ठभागालगतच्या दिशांतला ताण धरून ठेवतो, वरची दिशा मोकळी असते. धरलेला ताण b कमी करत नाही, तो थेट Tc सरकवतो, 2ge/a इतका. मोकळ्या दिशेमुळे b थोडा घटतो, म्हणजे फिल्मचा b हा b आणि b* यांच्या मधला कुठला तरी. फिल्मवर संक्रमण १०५ K ला दिसलं नाही म्हणून सॅम्पल खराब ठरवण्याआधी सब्स्ट्रेटचं जाळीमाप स्ट्रॉन्शियम टायटनेटच्या ३.९०५ अँगस्ट्रॉमशी ताडून पाहा.