कव्हर बँडचा कार्यक्रम आणि गाण्यांचं लायसन्स : या चुका टाळा

"अहो दादा, लायसन्स आहे ना आमच्याकडे, भिंतीवर लावलंय!" वाशीतल्या एका रेस्टॉरंटच्या मॅनेजरने मला असं सांगितलं आणि मी निर्धास्त झालो. कार्यक्रम तिकिटाचा होता, दीडशे खुर्च्या, जुन्या हिंदी-मराठी गाण्यांची संध्याकाळ. चार दिवस आधी सहज त्या फ्रेमचा फोटो मागवला. रेस्टॉरंटमध्ये जेवताना मागे हळू वाजणाऱ्या संगीताचं ते वर्षभराचं लायसन्स होतं. तिकीट लावून, बँड उभा करून केलेला कार्यक्रम त्यात बसत नव्हता.

आमच्या धंद्यातली ही सगळ्यात जुनी चूक. फ्रेम असते, पण ती कशासाठी आहे हे कुणी वाचत नाही. त्यावर तीन गोष्टी बघायच्या : कुणी दिलंय, कधीपर्यंत आहे आणि लाइव्ह कार्यक्रम त्यात आहे का. नसेल तर त्या एका कार्यक्रमाचं वेगळं लायसन्स लागतं. ते साधारणपणे जागामालक किंवा आयोजक काढतो. पण ठाण्यात बरेच ऑर्केस्ट्रेवाले स्वतःच नाट्यगृह बुक करून तिकिटं विकतात. तसं केलं की आयोजक तुम्हीच, खर्चही तुमचाच. पोलिसांची आणि लाउडस्पीकरची परवानगी हातात आली म्हणजे गाण्यांची आली, असंही नाही.

मालक टाळाटाळ करत असेल तर त्याला कॉपीराइट कायद्याचं कलम ५१ दाखवा. नफ्यासाठी जागा अशा कार्यक्रमाला दिली तर तोही अडकू शकतो. एवढं कळलं की बहुतेक मालकांचा सूर बदलतो. करारात मी आता एक ओळ घालतोच : लायसन्स कोण काढणार आणि त्याची प्रत कधी देणार.

दुसरी चूक, चुकीच्या दारात जाणं. गाण्यात हक्कांचे दोन थर असतात. शब्द आणि चाल हा एक, स्टुडिओत झालेलं रेकॉर्डिंग हा दुसरा. आपण स्टेजवर वाजवतो-गातो तेव्हा पहिलाच थर वापरतो. त्यासाठी आयपीआरएस ही गीतकार, संगीतकार आणि प्रकाशकांची संस्था. पीपीएलकडे असतात रेकॉर्डिंगचे हक्क, म्हणून निव्वळ लाइव्ह बँडला तिकडे जावं लागत नाही.

गोची होते ती मध्यंतरात. साउंडवाला पेन ड्राइव्ह लावतो, मूळ गाणी सुरू होतात आणि दुसरा थरही लागू होतो. मायनस-वन ट्रॅकवर गाणाऱ्यांचंही तेच. तो ट्रॅकसुद्धा रेकॉर्डिंगच आहे आणि बऱ्याचदा मूळ कंपनीचा नसून भलत्यानेच तयार केलेला असतो. सार्वजनिक कार्यक्रमात वापरण्याची मुभा त्याच्याकडूनच घ्यावी लागते. आमच्या त्या संध्याकाळी मध्यंतरात फक्त बासरी वाजली. बासरीवाल्याला चहा गार प्यावा लागला, पण एक लायसन्स वाचलं. (त्याने वाजवलेल्या धूनही पारंपरिक होत्या, नाहीतर त्या यादीत घालाव्या लागल्या असत्या.)

तिसरी चूक खास आपली. "अभंग तुकोबांचा आहे, त्याला कसली परवानगी?" शब्दांना नाही. पण आपण म्हणतो ती चाल पारंपरिक आहे की कुणा संगीतकाराने बांधलेली? तुकोबांच्या अभंगांना चाली देणारे संगीतकार श्रीनिवास खळे २०११ साली गेले. हक्क रचनाकाराच्या मृत्यूनंतरचं वर्ष धरून ६० वर्षं टिकतो, म्हणजे त्यांच्या चाली २०७१ अखेरपर्यंत संरक्षित. शब्द आणि चाल यांचा हिशेब वेगवेगळा चालतो. गदिमा गेले १९७७ साली आणि सुधीर फडके २००२ साली. त्या दोघांच्या एखाद्या गाण्याचे शब्द १ जानेवारी २०३८ ला मोकळे होतील, चालीला मात्र १ जानेवारी २०६३ उजाडावं लागेल. म्हणून गाण्यांच्या यादीत गीतकार आणि संगीतकार असे दोन रकाने ठेवा. अर्ज करताना ती यादी हाताशी लागते आणि पैसे योग्य माणसापर्यंत पोचायलाही तीच उपयोगी.

"लग्नात तर सगळं माफ असतं!" हे बऱ्याच अंशी खरं. धार्मिक विधी आणि लग्नाशी जोडलेले समारंभ यांना कलम ५२ मध्ये सूट आहे. हौशी मंडळाने फुकट प्रेक्षकांसमोर केलेल्या सादरीकरणालाही आहे. पण मंडपाशेजारी प्रायोजकांचे फ्लेक्स लावून, मानधन घेऊन ऑर्केस्ट्रा केला तर तो विधी म्हणवत नाही आणि हौशीही नाही.

राहिला व्हिडिओ. कार्यक्रमाचं लायसन्स त्या संध्याकाळच्या सादरीकरणापुरतं असतं. चित्रीकरण करून यूट्यूबवर टाकणं हा वेगळा वापर. तिथली यंत्रणा मूळ रेकॉर्डिंग नसलं तरी चाल ओळखते आणि दावा लागतो. दावा लागला की कमाई हक्कधारकाकडे वळू शकते किंवा व्हिडिओ अडवला जाऊ शकतो. "पाच वर्षं झाली की कव्हर मोकळं" असंही ऐकायला मिळतं. ते कलम ३१सी, कव्हर रेकॉर्डिंगसाठी. त्यातही आधी सूचना आणि रॉयल्टी द्यावीच लागते. स्टेजवरच्या गाण्याला ते लागू नाही. आम्ही आता तीस सेकंदांची स्वतःच्या बंदिशीची क्लिप टाकतो आणि खाली पुढच्या कार्यक्रमाची तारीख.