भाडेकरार दुसऱ्या कोणाकडून तपासून घेताना या चुका टाळा

"११ महिन्यांचा करार आहे, लॉक-इन ६ महिन्यांचा. ४ महिन्यांत घर सोडलं तर मालक २ महिन्यांचं भाडं कापतोय, बरोबर आहे का?" असं विचारलं तर उत्तर देता येत नाही, कारण उत्तर कलमाच्या शब्दांत असतं आणि नेमकं तेच समोर नसतं.

लॉक-इन म्हणजे करार मध्येच संपवता येत नाही असा सुरुवातीचा काळ. भाडं २०,००० आणि डिपॉझिट ६०,००० धरा. "लॉक-इनमध्ये भाडेकरूने जागा सोडल्यास उर्वरित लॉक-इनचे भाडे अनामतीतून वजा होईल" असं लिहिलं असेल, तर ४०,००० कापले जाऊन २०,००० परत मिळतील. फक्त "लॉक-इनमध्ये कोणताही पक्ष करार संपवणार नाही" एवढंच असेल, तर कपातीचा आकडा त्या वाक्यातून निघत नाही. तिथे मालकाशी बोलायला जागा आहे. हा फरक एका ओळीचा आहे, म्हणून "साधारण असं लिहिलंय" हे चालत नाही. कलम क्रमांकासकट शब्दशः द्या. त्यात "कलम ९ च्या अधीन राहून" असं असेल तर कलम ९ही द्या. त्याबरोबर डिपॉझिट, नोटीस आणि मुदत यांची कलमं हवीतच.

शहर लपवू नका. महाराष्ट्रात लिव्ह अँड लायसन्स करार लेखी आणि नोंदणीकृत असावा लागतो, आणि नोंदणीची जबाबदारी मालकाची असते. दुसऱ्या राज्याचे नियम वेगळे.

दुसरी मोठी चूक नावं लपवण्यातली. मोबाइलवर काळ्या हायलायटरने नाव खोडतात. तो रंग अर्धपारदर्शक असतो, फोटोचा उजेड वाढवला की अक्षरं वर येतात. पीडीएफवर काळी चौकट ठेवली तरी खालचा मजकूर बहुधा तसाच राहतो. तपासायचं असेल तर चौकटीवरून मजकूर निवडा, कॉपी करा आणि दुसरीकडे पेस्ट करा. नाव उमटलं की झाकलेलं नव्हतं.

त्यापेक्षा कलम हाताने टाइप करा. दहा मिनिटं लागतात, आणि घाई करणारे नेमकी तीच वाचवायला जातात. नावांच्या जागी सगळीकडे "मालक" आणि "भाडेकरू" लिहा. नुसते ठिपके दिले तर पैसे कोणी कोणाला द्यायचे तेच कळत नाही. टाइप करताना असं दिसायला हवं:

"कलम ७: भाडेकरूने मालकास १ महिन्याची लेखी नोटीस द्यावी."

रक्कम, तारखा आणि महिने तसेच ठेवा. आधार, पॅन, फोन, फ्लॅट क्रमांक, बँक खातं आणि सह्या काढा. दस्त क्रमांकही काढा, हे बहुतेक जण विसरतात. त्यावरून इंडेक्स-२ हा नोंदणीचा उतारा शोधता येतो आणि त्यात नावं असतात. फोटो आणि अंगठ्यांचे ठसे असलेलं पान तर पाठवूच नका, त्यावर तपासण्यासारखं काहीच नसतं.

शेवटी प्रश्न एकच आणि नेमका विचारा: "कलम ७ प्रमाणे लॉक-इनमध्ये नोटीस देता येते का?"